रात्री साडेनऊला वीज तोडू म्हणणारा मेसेज

‘मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल. लगेच या अधिकाऱ्याला फोन करा.’ महावितरणने वारंवार सावध करूनही या मेसेजला लोक फसतात. बिल वेळेवर भरणारा माणूसही अंधाराच्या धास्तीने फोन लावतो.

हा मेसेज ओळखायला फार काही लागत नाही. महावितरणच्या संदेशावर पाठवणाऱ्याच्या जागी MSEDCL हे नाव असतं, दहा आकडी मोबाइल नंबर नसतो. शिवाय वीज कायदा २००३च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ‘आज रात्री’ ही मुदतच खोटेपणाची खूण आहे.

फोन लावला की पलीकडचा आवाज अदबीने बोलतो. ‘साहेब, फक्त दहा रुपये भरा, बिल अपडेट होईल.’ त्यासाठी तो एक ॲप घ्यायला लावतो. ते ॲप तुमचा स्क्रीन त्याला दाखवतं किंवा आलेले एसएमएस गुपचूप त्याच्याकडे पाठवतं. दहा रुपये भरताना तुम्ही टाकलेला पासवर्ड आणि ओटीपी तो पाहतो, आणि पाठोपाठ खात्यातून मोठी रक्कम जाते.

असं झालं तर आधी त्या मोबाइलचं इंटरनेट बंद करा आणि घरातल्या दुसऱ्या फोनवरून १९३० लावा. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाहीत. भाड्याने घेतलेल्या चार-पाच खात्यांतून ते फिरवून एटीएममधून काढतात. १९३० वरची तक्रार त्या त्या बँकेकडे जाते आणि वाटेत सापडलेली रक्कम गोठवली जाते. एकदा रोकड निघाली की गोठवायला काही उरत नाही, म्हणून इथे मिनिटांना किंमत आहे. फोन करताना खाते क्रमांक, गेलेली रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक जवळ ठेवा. मग cybercrime.gov.in वर तक्रार पूर्ण करा. मेसेज आणि कॉलचे स्क्रीनशॉट पुसू नका.

बँकेलाही त्याच वेळी कळवा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याच्या माथी येतं, पण कळवल्यानंतर गेलेला पैसा बँकेला सोसावा लागतो. लाजेपोटी सकाळपर्यंत थांबणाऱ्यांचं म्हणूनच दुहेरी नुकसान होतं. गोठवलेली रक्कमही लगेच हाती येत नाही. त्यासाठी अनेकदा न्यायालयाचा आदेश लागतो.

पैसे गेले नसतील, नुसता मेसेज किंवा फोन आला असेल, तरी तो पुसून मोकळं होऊ नका. sancharsaathi.gov.in वर ‘चक्षू’ नावाची सोय आहे. तिथे तो नंबर कळवला, तर तपासणी होऊन तो बंद होऊ शकतो.