सलूनचं टार्गेट: तीन लाख चाळीस हजारांचे चौतीस वाटे

‘या महिन्यात चार लाख करायचेत’ असं सलूनचा मालक म्हणतो, तेव्हा हा आकडा बहुधा शेजारच्या सलूनकडे बघून आलेला असतो. खरं तर तो आपल्याच खर्चातून निघायला हवा. समजा भाडं, पगार, वीज-पाणी, टॉवेलांची धुलाई मिळून महिन्याला १,९२,००० रुपये जातात. शिवाय कलर, शाम्पू आणि इन्सेन्टिव्हपोटी बिलाच्या दर रुपयामागे वीस पैसे जातात. मालकाला ८०,००० सुटायला हवेत. म्हणजे १,९२,००० अधिक ८०,००० भागिले ०.८. टार्गेट आलं ३,४०,०००, तेही जीएसटी वगळून आणि डिस्काउंट वजा करून.

आता याला सव्वीस दिवसांनी भागलं की रोजचे तेरा हजार येतात, आणि इथेच घोळ होतो. मंगळवारी तेवढे कधीच होत नाहीत. रविवारी दुपारीच होतात आणि मग सगळे सैलावतात. त्यापेक्षा वाटे पाडावेत. सोमवारी बंद असलेल्या सलूनमध्ये शनिवार-रविवारी जर दुप्पट धंदा होत असेल, तर १८ साध्या दिवसांचे अठरा आणि ८ सुट्टीच्या दिवसांचे सोळा, असे चौतीस वाटे होतात. साध्या दिवशी दहा हजार, सुट्टीच्या दिवशी वीस. श्रावण किंवा पितृपक्ष असेल तर गेल्या वर्षीची तीच तिथी काढून बघावी, नुसती तारीख बघून भागत नाही.

चार स्टायलिस्टमध्ये समान वाटणी करणं दिसायला न्याय्य, पण तोट्याचं. मागच्या तीन महिन्यांच्या बिलांवरून सीनियरला १,३०,०००, मधल्या दोघांना ८५,००० आणि नव्या मुलीला ४०,००० द्यावेत. सीनियरचा साध्या दिवसाचा वाटा साधारण ३,८०० होतो. तिचं सरासरी बिल ९५० असेल, तर ‘आज चार गिऱ्हाइकं’ एवढंच तिला सांगावं. रविवारी आठ. मात्र कलरला अडीच-तीन तास खुर्ची अडते. रविवारी कलरच्या दोन अपॉइंटमेंट घेतल्या तर आठ जण बसणारच नाहीत, म्हणून कलर बुधवार-गुरुवारी वळवावा.

बारा तारखेला हिशोब मांडावा. महिना बुधवारी सुरू झाला असेल, तर तोवर पंधरा वाटे, म्हणजे दीड लाख व्हायला हवेत. १,३१,००० झाले असतील, तर उरलेले २,०९,००० एकोणीस वाट्यांत बसवायचे, म्हणजे वाटा अकरा हजारांचा. पण ओरडण्याआधी गिऱ्हाइकं कमी झाली की बिल लहान झालं, हे पाहावं. गिऱ्हाइकं कमी असतील तर तो दोष स्टायलिस्टचा नाही, मालकाने जुन्यांना फोन लावावेत. बिल एकदम फुगलं असेल तर जास्त सावध व्हावं: हेअर स्पा गळ्यात मारलेलं गिऱ्हाईक काही बोलत नाही, फक्त पुढच्या महिन्याच्या रजिस्टरात त्याचं नाव सापडत नाही.