बावन्न वजा सत्तावीस : शिक्षकाने सांगावं की विचारावं?

तिसरीतल्या मुलीने वहीत ५२ – २७ ही वजाबाकी मांडली आणि उत्तर लिहिलं ३५. कुठल्याही शाळेत रोज दिसणारी ही चूक आहे. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून तिने ७ मधून २ वजा केले, मग ५ मधून २ वजा केले. आता बाईंनी काय करावं? बी.एड.च्या परीक्षेत हाच प्रश्न वेगळ्या भाषेत येतो : ‘शिक्षक हा ज्ञानदाता नसून सुलभक आहे, चर्चा करा.’ व्याख्यांपासून सुरुवात केली की उत्तर गुळगुळीत होतं. या एका वजाबाकीपासून सुरुवात केली तर दोन्ही बाजूंची खरी ताकद दिसते.

ज्ञानदाता शिक्षक फळ्यापाशी जातो आणि रीत सांगतो. वरचा अंक लहान असेल तर शेजारून एक उसना घ्यायचा. ५ चे ४ झाले, २ चे १२ झाले. १२ मधून ७ गेले, ५ उरले. ४ मधून २ गेले, २ उरले. उत्तर २५. मग अशीच दहा गणितं सरावाला. बहुतेक मुलांना ही रीत आठवडाभरात जमते, आणि चाळीस मुलांच्या वर्गात हे लहान यश नव्हे.

अडचण पुढच्या पायरीवर येते. ४०३ – १५८ हे गणित आलं की शेजारी शून्य असतं. शून्याकडून उसनं कसं घ्यायचं? एखादं मूल तिथेच थांबतं, एखादं ३५५ लिहून मोकळं होतं, म्हणजे प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करण्याच्या जुन्या वाटेला लागतं. १९७८ मध्ये ब्राउन आणि बर्टन या अमेरिकी संशोधकांनी मुलांच्या अशा चुका तपासल्या. त्यांतल्या अनेक चुका आंधळेपणाने झालेल्या नव्हत्या. मुलाने मनाशी एक चुकीचा नियम धरलेला असतो आणि तो ते इमानदारीने पाळत असतं. नुसती रीत पुन्हा सांगून हा नियम हलत नाही, कारण तो मुलाने स्वतः तयार केलेला असतो.

सुलभकाची बाजू इथे भक्कम होते. तो काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि काही सुट्या काड्या समोर ठेवतो. ‘बावन्न काड्या मांड.’ मुलगी पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडते. ‘यातल्या सत्तावीस मला दे.’ ती दोन गठ्ठे देते, मग हात थांबतो. सात हव्यात, सुट्या दोनच आहेत. शिक्षक गप्प राहतो. थोड्या वेळाने मुलगी विचारते, ‘एक गठ्ठा सोडू का?’ रबर निघतं, दोनाच्या बारा काड्या होतात, सात दिल्या जातात. उरतात दोन गठ्ठे आणि पाच काड्या. ‘वहीत तर पस्तीस लिहिलंयस. पस्तीस आणि सत्तावीस मिळून किती होतात?’ बासष्ट. चूक शिक्षकाने दाखवली नाही, तिची तिलाच सापडली.

पियाजे आणि वायगॉट्स्की यांच्या विचारातून आलेल्या या दृष्टीला आपण ज्ञानरचनावाद म्हणतो. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने ती देशासमोर ठेवली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात कृती, शोध आणि अन्वेषणातून शिकण्याचा उल्लेख आहे. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनी हे वर्गात उतरवलं. शिक्षकांनी तिथे जाऊन वर्ग पाहिले, आणि २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाने हा विचार राज्यभर नेला.

आता दुसरी बाजू. समोरच्या वस्तूंना ‘बावन्न’ म्हणतात, हे कोणतंही मूल काड्या हाताळून शोधू शकत नाही. एकोणसाठ, त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर ही नावं समाजाने ठरवलेली आहेत, ती कोणी तरी सांगावीच लागतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘पन्नास दोन’ अशी सुटसुटीत वाचनपद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला. ती पद्धतसुद्धा मुलांना सांगावीच लागणार होती. अक्षरं, चिन्हं, एककांची नावं यांचंही तसंच. अशा ठिकाणी ‘तूच शोध’ म्हणणं म्हणजे मुलाला ताटकळत ठेवणं.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये मांडलं की नवख्याला फारसं मार्गदर्शन न देता शोधायला सोडलं तर शिकणं खुंटतं. माणूस एका वेळी मोजक्याच नव्या गोष्टी मनात धरू शकतो. काड्या मोजणं, गठ्ठा सोडणं, किती द्यायच्या ते लक्षात ठेवणं आणि तेच वहीत चिन्हांनी लिहिणं, एवढं सगळं एकदम आलं की मूळ कल्पनेसाठी मनात जागा उरत नाही. हे वर्गात ओळखताही येतं. मूल काड्यांनी २५ उत्तर काढतं आणि लगेच वहीत पुन्हा ३५ लिहितं. काड्यांचा खेळ एकीकडे आणि गणित दुसरीकडे राहिलेलं असतं. गठ्ठा सोडताच वहीतला ५ खोडून ४ का केला, हे त्याच क्षणी शिक्षकाने जोडून द्यावं लागतं.

तिसरी गोष्ट वेळेची. कायद्याने साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, म्हणजे एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता. प्रत्येक मुलासमोर गप्प बसून वाट पाहणं तिथे अवघड असतं. साहित्य वर्गात मांडणं सोपं, त्यातून योग्य वेळी योग्य प्रश्न विचारणं कठीण. हे कसब नसेल तर सुलभक नुसता प्रेक्षक होतो, आणि घरी अभ्यास घेणारं कोणी नसलेली मुलं सर्वांत मागे पडतात.

म्हणून प्रश्नातला ‘नसून’ मला मान्य नाही. भूमिका कोणती घ्यायची हे दोन गोष्टींवर ठरावं. पहिली, ज्ञान कोणत्या जातीचं आहे. ठरवून दिलेलं असेल तर सरळ सांगावं; नातं समजून घ्यायचं असेल, जसं दशक आणि एककाचं, तर मुलाला विचार करू द्यावा. दुसरी, मूल कुठे उभं आहे. नवख्याला करून दाखवावं, थोडं जमू लागलं की अर्धं गणित सोडवून पुढचं त्याच्याकडे द्यावं, मग हात काढून घ्यावा. वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ मध्ये अशा हळूहळू काढून घ्यायच्या आधाराला बांधकामाच्या परांचीची उपमा दिली. हे जमायला ज्ञानदात्यापेक्षा विषयाची जास्त जाण लागते, कारण मुलाच्या चुकीमागचा नियम ओळखायचा असतो.

वर्ग कोणत्या पद्धतीने चालतो हे भिंतीवरच्या तक्त्यांवरून ठरवू नये. मुलाला ४०३ – १५८ सोडवायला द्यावं आणि मधल्या शून्याच्या जागी ९ कसे आले ते विचारावं. ‘शंभराचा गठ्ठा सोडला, दहा दशक झाले, त्यातला एक सुट्यांना दिला, नऊ उरले,’ असं मूल सांगू शकलं तर त्याच्या शिक्षकाने सांगण्याचं आणि विचारण्याचं, दोन्ही काम चोख केलं आहे.