डब्यातली चिठ्ठी

मैत्रिणींनो, आमच्या खोडदला ती जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे ना, तिच्या आवारात ह्यांची नोकरी. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या अशा 30 थाळ्या इथं आणि आजूबाजूच्या गावांत उभ्या आहेत. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी इतक्या क्षीण असतात, की जवळच्या मोबाईलचा त्यांच्यापुढे गोंगाट होतो. म्हणून आवारात मोबाईल बंद! भांडण करून नवरा कामावर गेला की बायकोनं निरोप धाडायचा कसा? माझ्या हाताशी एकच साधन, जेवणाचा डबा.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. 28 तारखेच्या विज्ञान दिनाला इथं प्रदर्शन भरतं, शाळाशाळांतली मुलं आपापले प्रयोग मांडतात. मुलाच्या प्रयोगासाठी नारायणगावहून कार्डशीट आणायला ह्यांना तीनदा सांगितलं होतं. रात्री हे रिकाम्या हातानं आले. मी म्हटलं, "क्रिकेटचा स्कोअर बरा लक्षात राहतो!" हे म्हणाले, "शाळेतली मास्तरीण शाळेतच ठेवून येत जा." झालं! दोघांची तोंडं दोन दिशांना.

सकाळी पोळ्या लाटता लाटता वाटलं, एवढ्याशा कागदासाठी किती ताणायचं? एक चिठ्ठी लिहिली : "चूक तुमचीच होती, पण जाऊ द्या, मी विसरले." वाचून पाहिली आणि फाडून टाकली. "पण"च्या आधी कालचं भांडण तसंच शिल्लक होतं. अशी चिठ्ठी म्हणजे गोड पाकात बुडवलेली मिरची. मग दुसरी लिहिली. लग्नात घास भरवताना घेतला होता, तसा उखाणा :

टोमॅटोच्या हंगामात बाजार होतो लाल,
…राव विसरले कागद, अन् मी फुगवले गाल!

खाली लिहिलं, "संध्याकाळी कागद आणल्यास गाल जागेवर येतील. तपासायला यावे. – आपली मास्तरीणबाई."

यात युक्ती एवढीच, की हसू स्वतःच्या गालांवर ओढवून घेतलं आणि मला टोचलेला शब्द मीच सही म्हणून मिरवला. टोमणा असा आपणच उचलून घेतला, की त्याची धार जाते. मात्र आपण मारलेला टोमणा चुकूनही पुन्हा लिहू नये. 'क्रिकेट' हा शब्द मी कटाक्षानं टाळला. आणि शेवटच्या ओळीत थोडा लाडिकपणा हवा, नाहीतर ती चिठ्ठी न राहता वाण्याची यादी होते!

वेळही महत्त्वाची. नवराबायकोच्या भांडणांचा अनेक वर्षं अभ्यास केलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सांगतात, की राग चढून छाती धडधडत असताना माणसाला दुसऱ्याचं नीट ऐकूच येत नाही. निदान वीस मिनिटं तरी जाऊ द्यावीत. ते असंही म्हणतात, की समेटाचा प्रयत्न फळाला येतो तो शब्दांच्या चातुर्यापेक्षा दोघांतल्या मैत्रीवर. म्हणून माझा उखाणा उतरवून घेऊ नका. तुमच्या दोघांनाच कळेल असं काही लिहा.

एक ठेच मलाही लागली आहे. पूर्वी एकदा अशीच चिठ्ठी डब्याच्या वरच्या पुडात ठेवली होती. ती सोबत जेवणाऱ्यांनी आधी पाहिली आणि हे लाजून, वैतागून घरी आले. तेव्हापासून चिठ्ठी चष्म्याच्या घरात! मोबाईलवर पाठवणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावं : एकच निरोप पाठवावा आणि फोन बाजूला ठेवावा. "वाचलं तरी उत्तर का नाही?" असं विचारलंत, की दुसरं भांडण सुरू.

पण ही चिठ्ठी विसरलेल्या कागदासाठी, उशिरा झालेल्या चहासाठी. पैशावरून रोज खटके उडत असतील, चारचौघांत अपमान होत असेल, हात उगारला जात असेल, तर तिथं उखाणा नको. ते हसण्यावारी न्यायचं नसतं, उघड बोलायचं असतं. गरज पडली तर चार माणसांची मदत घ्यायची असते. आणि दर वेळी चिठ्ठी आपणच लिहीत असू, तर तेही एकदा निवांतपणे नवऱ्याच्या कानावर घालावं.

त्या संध्याकाळी चष्म्याचं घर माझ्यापुढे आलं. आत माझीच चिठ्ठी, मागच्या बाजूला ह्यांचं अक्षर : "बाई, गृहपाठ आणला आहे. गाल तपासायला कधी येऊ?"

कार्डशीट पांढरा सांगितला होता, आणला गुलाबी. पण मी त्यावर चकार शब्द काढला नाही हं!