पावसाळ्यात पाणी उकळूनही पोट का बिघडते? घरातील पाण्याची काळजी आणि डॉक्टरांकडे जाण्याची वेळ

पावसाळा सुरू झाला की जुलाब, उलट्या, टायफॉइड आणि कावीळ यांचे रुग्ण वाढतात. "आम्ही तर उकळलेलेच पाणी पितो" असे यातील अनेक कुटुंबे सांगतात आणि ते बहुतेक वेळा खरेही असते. पण पाणी उकळणे ही एकच पायरी आहे. नळापासून ओठांपर्यंतच्या प्रवासात पाणी पुन्हा दूषित होऊ शकते. हा प्रवास कुठे बिघडतो, तो कसा सांभाळायचा आणि त्रास झालाच तर घरी काय करायचे, हे या लेखात समजून घेऊ.

नळाचे पाणी पावसाळ्यात का बिघडते?

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाणी दिवसातून ठरावीक वेळच येते. पाणी बंद असताना पाइपमधला दाब कमी होतो. पाइपला कुठे बारीक गळती असेल आणि त्याभोवती पावसाचे किंवा गटाराचे पाणी साचले असेल, तर ते आत ओढले जाते. नळाला थेट मोटर लावून पाणी खेचले तर ही ओढ आणखी वाढते. म्हणून पाणी सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे येणारे पाणी पिण्यासाठी भरू नका. ते संडासात टाकायला किंवा फरशी पुसायला वापरा.

गढूळ रंग, घाण वास किंवा फेस दिसला तर पालिकेला किंवा ग्रामपंचायतीला लगेच कळवा आणि शेजाऱ्यांनाही सांगा. मात्र पाणी स्वच्छ दिसते म्हणून ते सुरक्षित आहे असे समजू नका. टायफॉइडचे जिवाणू आणि काविळीचे विषाणू डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांना चवही नसते.

उकळणे: नेमके कसे?

पाणी गढूळ असेल तर आधी ते स्थिर ठेवून गाळ खाली बसू द्या. मग वरचे पाणी चार पदरी स्वच्छ सुती कापडातून गाळून घ्या. तुरटी फिरवल्याने गाळ लवकर बसतो, पण तुरटीने जंतू मरतात हा गैरसमज आहे. तुरटीनंतरही पाणी उकळावेच लागते.

पातेल्याच्या तळाशी बुडबुडे दिसले किंवा वाफ आली म्हणजे पाणी उकळले असे नाही. सगळे पाणी खळखळू लागले पाहिजे. तशी उकळी एक मिनिट राहिली की आपल्याकडच्या उंचीवर ती जंतू मारायला पुरेशी असते. वीस मिनिटे उकळून गॅस वाया घालवण्याची गरज नाही. त्यानंतर झाकण ठेवून पाणी त्याच भांड्यात थंड होऊ द्या. बर्फ टाकून थंड केले तर बर्फातले जंतू त्यात उतरतात.

गोळी किंवा थेंब वापरत असाल तर

उकळणे शक्य नसेल तर आरोग्य केंद्रातून किंवा औषधांच्या दुकानातून मिळणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्या किंवा द्रव उपयोगी पडतात. येथे नेहमी होणारी चूक प्रमाणाची असते. एक लिटरसाठीची गोळी आणि वीस लिटरसाठीची गोळी दिसायला सारखी असू शकते. म्हणून पाकिटावरचे प्रमाण वाचूनच गोळी टाका आणि किमान अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्च होते, त्यामुळे पाणी आधी गाळून घ्या. अर्ध्या तासाने क्लोरीनचा हलका वास यायला हवा. काही परजीवी क्लोरीनला दाद देत नाहीत. म्हणून लहान बाळ, गरोदर स्त्री किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली व्यक्ती घरात असेल तर शक्यतो उकळलेलेच पाणी द्या.

घरी प्युरिफायर असेल तर फिल्टर आणि दिवा वेळच्या वेळी बदलला आहे का ते पाहा. गढूळ पाण्यातून अतिनील किरण नीट पोहोचत नाहीत. त्यामुळे नळाला चिखलाचे पाणी येत असेल त्या दिवसांत केवळ प्युरिफायरवर विसंबू नका.

खरी गडबड साठवणीत होते

आता एक उदाहरण घेऊ. चार जणांचे कुटुंब रात्री पाणी उकळते आणि सकाळी माठात ओतते. माठ आठवडाभर घासलेला नाही, तळाशी बुळबुळीत थर आहे. दिवसभर प्रत्येक जण ग्लास बुडवून पाणी घेतो. तीन वर्षांचा मुलगा अंगणातून येऊन तोच हात आत घालतो. दुपारपर्यंत हे पाणी उकळलेले राहिलेलेच नसते.

यावर उपाय साधा आहे. तोटी असलेला माठ किंवा पिंप वापरा. तोटी नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे ठेवा, ते फक्त पाण्यासाठीच असू द्या आणि वापरल्यावर स्वच्छ जागी टांगा. भांड्यावर घट्ट झाकण हवे. भांडे रोज रिकामे करून साबणाने घासा, उकळलेल्या पाण्याने विसळा आणि पाणी २४ तासांत संपवा. जुन्या पाण्यात नवे ओतू नका.

दोन गोष्टी सहज निसटतात. दात घासताना, चूळ भरताना आणि औषधाच्या पावडरीत मिसळताना आपण नळाचे पाणी घेतो. गढूळ पाणी येत असताना या कामांसाठीही उकळलेलेच पाणी वापरा. दुसरी गोष्ट हातांची. शौचानंतर, बाळाची शी धुतल्यावर आणि जेवण्यापूर्वी साबणाने किमान २० सेकंद हात धुवा. कच्ची कोशिंबीर, बाहेरची कापलेली फळे आणि बर्फाचा गोळा पावसाळ्यात टाळलेला बरा.

इमारतीच्या टाकीत पुराचे किंवा गटाराचे पाणी शिरले असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, निर्जंतुक केल्याशिवाय ते पाणी वापरू नका.

जुलाब सुरू झाले तर घरी काय करायचे?

जुलाबात जीवाला धोका असतो तो शरीरातले पाणी आणि क्षार कमी होण्याने. म्हणून पहिले औषध ओआरएस. पाकिटावर लिहिलेले असेल तेवढ्याच उकळून थंड केलेल्या पाण्यात पूर्ण पाकीट विरघळवा. मोठे पाकीट सहसा एक लिटरसाठी असते, लहान पाकीट २०० मिलीसाठी. अर्धे पाकीट, अंदाजाने पाणी असे करू नका. कमी पाण्यात केलेले द्रावण बाळाला अपाय करू शकते. तयार द्रावण २४ तासांनंतर टाकून द्या.

पाकीट मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात सपाट भरलेले सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून चालते. खोक्यातले गोड फळपेय किंवा शीतपेय ओआरएसची जागा घेत नाही. त्यातल्या जास्त साखरेने जुलाब वाढू शकतात.

प्रत्येक पातळ शौचानंतर दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिली आणि दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली ओआरएस द्या. मोठ्यांनी तहान भागेल तितके प्यावे. वरच्या उदाहरणातल्या तीन वर्षांच्या मुलाला सकाळपासून चार जुलाब झाले असतील, तर त्याच्या पोटात साधारण ४०० ते ८०० मिली ओआरएस जायला हवे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा आणि मग चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करा. अंगावरचे दूध चालूच ठेवा. पेज, मऊ भात, वरण, दही, केळे असे नेहमीचे हलके अन्न द्या. उपाशी ठेवू नका.

मुलांना डॉक्टर १४ दिवसांसाठी झिंक देतात. जुलाब थांबले तरी तो कोर्स पूर्ण करा. जुलाब एकदम बंद करणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नका. मागच्या आजारातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्याही घेऊ नका. त्यामुळे टायफॉइडसारख्या आजाराची तपासणी चुकीची निर्दोष येऊ शकते. मधुमेह, किडनी किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी ओआरएस किती घ्यायचे हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आजचे पाणी, महिन्याने कावीळ

जुलाब काही तासांत किंवा दिवसांत होतात, पण सगळे आजार इतक्या लवकर दिसत नाहीत. टायफॉइडचा ताप साधारण एक ते तीन आठवड्यांनी येतो. दूषित पाण्यातून होणारी कावीळ तर दोन ते सहा आठवड्यांनीही दिसते. म्हणून कावीळ झाल्यावर कालचे जेवण न आठवता, महिन्याभरापूर्वी गढूळ पाणी आले होते का ते आठवा आणि डॉक्टरांना सांगा.

डॉक्टरांकडे कधी जायचे?

पुढीलपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा:

- शौचात रक्त किंवा आव, किंवा जुलाबासोबत जास्त ताप
- तीन दिवसांपेक्षा जास्त टिकणारा ताप
- दोन दिवसांत कमी न होणारे जुलाब
- डोळे पिवळे, लघवी गडद, अन्नावरची वासना उडणे
- सहा महिन्यांखालील बाळ, गरोदर स्त्री किंवा वृद्ध व्यक्तीला जुलाब-उलट्या
- पुराच्या पाण्यातून चालल्यानंतर आलेला ताप

पुढील लक्षणे असतील तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका मागवता येते:

- तांदळाच्या धुवणासारखे पांढरट, भरपूर जुलाब
- सहा ते आठ तास लघवी नाही, रडताना अश्रू नाहीत, डोळे खोल गेलेले
- पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू सपाट होणे
- काहीच पोटात न टिकणे, पिण्याची ताकद नसणे
- गुंगी, असंबद्ध बोलणे, हातपाय गार पडणे, झटका

गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, कावीळ फार गंभीर होऊ शकते. अशा वेळी झाडपाला किंवा कावीळ उतरवण्यात दिवस घालवू नका, थेट रुग्णालयात जा. रुग्णालयात नेतानाही, रुग्ण शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल तर वाटेत घोट घोट ओआरएस पाजत राहा.

ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या रुग्णासाठी औषध आणि तपासण्या तुमचे डॉक्टरच ठरवतील.