चित्रात आधी कोण?

शब्द टाइप करून चित्र काढून घेणाऱ्यांची पहिली तक्रार ठरलेली असते: "मी फुलवाली मागितली, आणि मिळाली छत्री." दोष बहुतेक वेळा शब्दांचा नसतो, त्यांच्या क्रमाचा असतो. हे 'स्टेबल डिफ्यूजन'च्या 2022 मधल्या पहिल्या आवृत्त्यांवर नीट समजतं. ते मॉडेल फुकट आहे, घरच्या संगणकावर चालतं आणि आतलं काम बऱ्यापैकी उघड आहे.

समजा आपण असं लिहिलं:

```
old flower seller, wet market street, red umbrella
```

चित्रात बहुधा म्हातारी फुलवाली मध्यभागी येते. रस्ता तिच्यामागे राहतो आणि छत्री कुठेतरी कडेला. आता शब्द तेच ठेवून क्रम उलटा करू:

```
red umbrella, wet market street, old flower seller
```

आता छत्री मोठी होते, कधी अर्धं चित्र व्यापते, आणि फुलवाली तिच्याखाली लहानशी उरते. काही वेळा तिचं लुगडंही लालच होऊन येतं, जे आपण मागितलेलंच नव्हतं.

असं का होतं? आपलं वाक्य थेट चित्रापर्यंत जात नाही. आधी 'क्लिप' नावाचा भाग ते वाचतो आणि त्याचे आकड्यांत रूपांतर करतो. तो डावीकडून उजवीकडे वाचतो आणि प्रत्येक शब्दाला फक्त आपल्या आधीचे शब्द दिसतात. म्हणजे 'red' पहिला आला की पुढच्या सगळ्या शब्दांच्या आकड्यांत त्याचा थोडाफार अंश उतरतो. लुगडं लाल होण्यामागे हे एक कारण आहे. शिवाय कोणता रंग कोणत्या वस्तूचा, हे जोडून ठेवण्यात क्लिप मुळातच कच्चा आहे. दुसरं कारण साधं आहे. हे मॉडेल इंटरनेटवरच्या चित्रांवर आणि त्यांच्या ओळींवर शिकलं, आणि चित्राखाली ओळ लिहिताना माणसं मुख्य गोष्ट सहसा आधीच सांगतात.

आता लांबीकडे येऊ. क्लिप शब्द मोजत नाही, टोकन मोजतो. साध्या इंग्रजी शब्दाचा बहुधा एक टोकन होतो, अनोळखी शब्दाचे दोन-तीन होतात, आणि स्वल्पविरामाचाही एक धरला जातो. एकूण जागा 77. त्यातल्या दोन सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुणेला जातात, आपल्याला उरतात 75. त्यापुढचं लिखाण सरळ कापलं जातं, आणि कापल्याची सूचना पडद्यावर आली तरी नवख्याचं तिकडे लक्ष नसतं. चित्र मात्र येतं, त्यामुळे सगळं वाचलं गेलं असा समज होतो. काही वेब इंटरफेस लांब मजकूर 75-75 टोकनांच्या तुकड्यांत वाचतात. तिथे काही कापलं जात नाही, पण एका तुकड्यातल्या शब्दांना दुसऱ्या तुकड्यातले शब्द दिसत नाहीत.

मर्यादेच्या आतही लांबीची किंमत मोजावी लागते. चित्राचा प्रत्येक भाग तयार होताना मॉडेल आपलं लक्ष सगळ्या टोकनांत वाटतं, आणि वाटण्याजोगं लक्ष तेवढंच असतं. हळदीकुंकवाला बायका वाढल्या म्हणून वाणाची ताटं वाढत नाहीत, तसंच. फुलवालीपुढे `masterpiece, highly detailed, cinematic, 8k` अशी विशेषणांची रांग लावली की तिचा वाटा कमी होतो, आणि चित्र गुळगुळीत, पोस्टरसारखं दिसू लागतं. ही विशेषणं सवयीने चिकटवली जातात. माझ्या मते त्यातली निम्मी काढली तरी कुणाला फरक कळणार नाही.

फरक पाहायचा असेल तर एक पथ्य पाळा: सीड, म्हणजे ज्या आकड्यावरून चित्राचा पहिला गोंगाट ठरतो तो, कायम ठेवा. सीड बदलला तर बदल शब्दांमुळे झाला की गोंगाटामुळे, हे कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट हलवा. आणि क्रम बदलणं गैरसोयीचं वाटलं, तर ऑटोमॅटिक1111 या इंटरफेसमध्ये शब्दाचं वजन वाढवता येतं:

```
(old flower seller:1.3), wet market street, red umbrella
```

1.3 म्हणजे नेहमीपेक्षा तीस टक्के जोर. 1.5 च्या वर गेलात की चेहरे बिघडू लागतात.

आणि मराठीत लिहिलं तर? क्लिप मुख्यतः इंग्रजी ओळींवर शिकला आहे. देवनागरी शब्द त्याच्यासाठी लहान लहान तुकड्यांत फुटतो, म्हणजे टोकन भराभर संपतात आणि अर्थही पोहोचत नाही. या मॉडेलसाठी इंग्रजीतच लिहावं लागतं.

2024 मधल्या 'स्टेबल डिफ्यूजन 3' आणि 'फ्लक्स' या मॉडेलांत क्लिपच्या जोडीला 'टी5' हा वाचणारा भाग आला. त्याला वाक्याच्या दोन्ही बाजू दिसतात आणि तो बराच लांब मजकूर झेपवतो. तिथे क्रमाची दादागिरी कमी होते आणि पूर्ण वाक्यं चालतात. म्हणून कुणाच्या टिपा वाचून लिहायला बसण्याआधी त्या कोणत्या मॉडेलसाठी आहेत, तेवढं बघून घ्या.