पलंग दारातून जाईल का?

समजा, बाणेरच्या एका सोसायटीत राहणारं जोडपं २८ जूनच्या विमानाने टोरोंटोला निघालंय. घरात पलंग, तीनदारी कपाट आणि जेवणाचं टेबल आहे. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘फर्निचर विकणे आहे, उत्तम स्थितीत’ एवढंच टाकलं, तर पन्नास प्रश्न येतात आणि गिऱ्हाईक एकही येत नाही. घेणाऱ्याला मुख्य शंका असते ती एकच: वस्तू माझ्या घरात मावेल का आणि तिथवर पोहोचेल कशी?

म्हणून पोस्ट अशी हवी: ‘प्लायवूडचा बॉक्स पलंग, ६ बाय साडेसहा फूट, २०२१ मध्ये घेतलेला. डोक्याकडच्या फळीवर ओरखडा आहे, तिसरा फोटो पाहा. गादीशिवाय ९,००० रुपये. तिसरा मजला, लिफ्टमध्ये मावत नाही, सुटा करावा लागेल. सुतार आणि टेम्पो घेणाऱ्याचा. नेण्याची वेळ २२ किंवा २३ जून, सकाळी ११ ते ५.’

फोटो दिवसा, खिडकीच्या उजेडात काढावेत: एक समोरून, एक बाजूने, एक खोटेचा. खोट आधीच दिसली की दारात उभं राहून होणारी घासाघीस बरीच टळते.

कपाटाचं प्रकरण मात्र वेगळं. बिजागरीच्या भोकात किंवा फळीच्या उघड्या कडेला बघावं. थर दिसले तर प्लायवूड, दाबलेला भुसा दिसला तर पार्टिकल बोर्ड. पार्टिकल बोर्डात स्क्रू एकदा काढला की भोक सैल होतं आणि पुन्हा जोडलेलं कपाट डुगडुगतं. असं कपाट दूरच्या माणसाला विकणं त्याच्यावर अन्याय आहे. ते घरमालकाला किंवा त्याच घरात येणाऱ्या नव्या भाडेकरूला आधी विचारावं. कमी पैसे मिळाले तरी चालतील, कपाट जागचं हलत नाही.

किंमत तारखेशी बांधलेली असते. ९,००० ची अपेक्षा असेल, तर पोस्ट तीन-चार आठवडे आधी जायला हवी. प्रस्थानाला दोन दिवस उरले की घेणाऱ्यालाही ते कळतं आणि तो निम्म्यावर येतो. पलंग मात्र शेवटपर्यंत लागतो. तेव्हा आधी पैसे ठरवून थोडी आगाऊ रक्कम घ्यावी आणि नेण्याची तारीख पुढची द्यावी. शेवटच्या पाच-सहा रात्री जमिनीवर गादी टाकून निघतात.

ग्रुपमधली पोस्ट पुढे ढकलली जाते, त्यामुळे अनोळखी फोनही येतात. न पाहताच पूर्ण पैसे द्यायला तयार असलेला माणूस ‘हा क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे येतील’ म्हणाला, तर फोन ठेवावा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

सामान बाहेर काढायला अनेक सोसायट्यांच्या फाटकावर लेखी परवानगी मागतात. ती आदल्या दिवशीच घेऊन ठेवा, नाहीतर भरलेला टेम्पो आतच अडकून पडतो.