पदरात किती, पणाला किती?

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घरोघरी एकच प्रश्न असतो : ‘पास होईल ना?’ उत्तर बहुतेक वेळा अंदाजाने दिलं जातं. ‘घटक चाचणीत साठ टक्के होते, म्हणजे होईल’, किंवा ‘सराव परीक्षेत नापास होता, काही खरं नाही’. खरं तर या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत कागदावर काढता येतं, आणि ते प्रत्येक विद्यार्थ्याला काढता आलं पाहिजे. त्यासाठी तीनच आकडे लागतात. पदरात पडलेले गुण, अजून पणाला असलेले गुण आणि उत्तीर्ण होण्यासाठी लागणारे गुण.

सीबीएसईच्या दहावीचं गणित घेऊ. विषय 100 गुणांचा. त्यातले 20 शाळेकडचे अंतर्गत गुण, उरलेले 80 बोर्डाच्या लेखी परीक्षेचे. दोन्ही मिळून 33 झाले की विषय सुटला. एका मुलीला अंतर्गत 20 पैकी 17 मिळाले आहेत असं समजू. पदरात 17, पणाला 80, लागतात 33.

आता दोन प्रश्न विचारायचे. पहिला : उरलेल्या सगळ्यात शून्य मिळालं तरी ती पास होईल का? 17 हे 33 पेक्षा कमी आहेत, म्हणून नाही. दुसरा : उरलेले सगळे मिळाले तरी ती नापास होईल का? 17 आणि 80 मिळून 97, म्हणून तेही नाही. याचा अर्थ निकाल अजून ठरलेला नाही. मग वजाबाकी करायची. 33 वजा 17, म्हणजे 16. तिला 80 पैकी 16 गुण मिळवायचे आहेत, म्हणजे लेखी परीक्षेत वीस टक्के. ‘होईल की नाही’ या धास्तीपेक्षा ‘ऐंशीत सोळा’ हे किती तरी हाताळण्याजोगं आहे!

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तरच पास होणं पक्कं. ‘आतापर्यंत पंच्याऐंशी टक्के आहेत’ हा पक्केपणा नव्हे. 20 पैकी 17 म्हणजे पंच्याऐंशी टक्के खरेच, पण ते वीस गुणांतले. पुढच्या ऐंशीबद्दल ते काहीच सांगत नाहीत. या दहावीच्या पद्धतीत अंतर्गत 20 पैकी 20 मिळाले तरी लेखीत 13 गुण लागतातच. म्हणजे बोर्डाच्या पेपरआधी पास होण्याची हमी कोणालाच नसते.

पदरातला आकडा मांडताना आणखी एक घोळ होतो. चाचणीत मिळालेले गुण जसेच्या तसे धरले जातात. 50 गुणांच्या चाचणीत 36 मिळाले, पण अंतिम निकालात त्या चाचणीचं वजन 5 गुणांचं असेल, तर पदरात 36 नव्हे, 3.6 पडलेले असतात. सीबीएसईच्या अंतर्गत वीस गुणांत नियतकालिक चाचण्यांचा वाटा पाचच गुणांचा आहे. उरलेले इतर मूल्यमापन, विद्यार्थ्याच्या कामाची फाइल आणि विषयाशी निगडित उपक्रम यांतून येतात. म्हणून आधी सगळे गुण अंतिम मापात आणायचे, मगच बेरीज. आणि शाळेने अंतर्गत गुण कळवले नसतील, तर मनातला आकडा धरू नये. शिक्षकांना विचारावं. ते सांगू शकत नसतील, तर सावध अंदाज धरावा, उदाहरणार्थ 17 च्या जागी 12. तशाने लेखीचं लक्ष्य 21 वर जातं, पण गणित फसत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच आहे. त्याच बोर्डाच्या बारावीचं भौतिकशास्त्र पाहा. लेखी 70, प्रात्यक्षिक 30. प्रात्यक्षिकात एका मुलाला पूर्ण 30 मिळाले. आपल्या रीतीने 33 वजा 30, म्हणजे लेखीत 3 गुण पुरेत. पण बारावीला एकूण तेहेतीस टक्क्यांबरोबरच लेखीत आणि प्रात्यक्षिकात स्वतंत्रपणेही तेहेतीस टक्के लागतात. 70 पैकी 23 गुण लेखीतच मिळवावे लागतात. प्रात्यक्षिकाचे तीसच्या तीस गुण लेखीतला एकही गुण भरून काढत नाहीत. दहावीला तीन आकडे पुरले, कारण तिथे दोन्ही भागांची बेरीज पाहतात. बारावीला हाच हिशेब प्रत्येक भागासाठी वेगळा करावा लागतो.

मुंबई विद्यापीठाच्या 75:25 पद्धतीतही असाच नियम होता. अंतर्गत 25 पैकी 10 आणि सत्रान्त 75 पैकी 30, दोन्ही स्वतंत्रपणे. तिथे अंतर्गत 25 पैकी 25 मिळवणाऱ्यालाही सत्रान्त परीक्षेत 30 लागत. म्हणून हिशेबाला बसण्याआधी नियमात एकच गोष्ट शोधावी : उत्तीर्णतेची अट एकत्रित आहे की प्रत्येक भागाला वेगळी? शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या कार्यालयात हे लगेच सांगतात.

पणाला असलेल्या गुणांचा उपयोग अभ्यास ठरवण्यासाठीही होतो. दहावीच्या गणितात अंतर्गत 8 गुण मिळालेल्या मुलाचा विचार करा. त्याला लेखीत 25 हवेत. पेपरातलं घटकांचं वजन जाहीर असतं. संख्याप्रणाली 6, बीजगणित 20, निर्देशक भूमिती 6, भूमिती 15, त्रिकोणमिती 12, क्षेत्रमापन 10, आणि सांख्यिकी व संभाव्यता मिळून 11. याला भूमितीच्या सिद्धता जमत नाहीत आणि त्रिकोणमितीची धास्ती आहे. पण संख्याप्रणाली, निर्देशक भूमिती, सांख्यिकी-संभाव्यता आणि बीजगणित मिळून 43 गुण होतात. त्यातले साठ टक्के मिळाले तरी जवळपास 26. म्हणजे काठावर पोहोचता येतं. पण काठावर म्हणजे काठावरच. एखादा प्रश्न चुकला की संपलं. म्हणून क्षेत्रमापनाची सूत्रंही पाठ हवीत, त्या दहा गुणांतून पाच-सहांची भर पडते आणि हा मुलगा तीसच्या पुढे जातो. शेवटच्या पंधरवड्यात सगळं पुस्तक पहिल्या पानापासून उलगडायला बसणाऱ्या मुलाला नेमकी हीच दिशा हवी असते.

पेपर लिहून झाल्यावर हाच हिशेब पुन्हा मांडला जातो, आणि तिथे जपून राहावं. उत्तरपत्रिका दिली, तरी ते गुण पदरात पडलेले नसतात. फक्त आता ते आपल्या हातात राहिलेले नसतात. घरी येऊन मोजायचंच असेल, तर उत्तराची खात्री असलेले प्रश्नच मोजावेत. एका गुणाच्या वीस प्रश्नांतले अकरा नक्की बरोबर, दोन गुणांचे तीन प्रश्न पूर्ण सुटले, म्हणजे 17. आपल्या पहिल्या मुलीला 16 हवे होते. अर्धवट सोडवलेल्या उदाहरणांना पायऱ्यांचे गुण मिळतात, पण ते बेरजेत धरू नयेत, मिळाले तर वरचे. 17 आणि 16 मधलं अंतर एकाच गुणाचं आहे, तेव्हा तिने निश्चिंत व्हायला हरकत नाही असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या विषयाचा अभ्यास तिने आज संध्याकाळीच सुरू करावा, कारण गणिताचा हिशेब आता तिला बदलता येणार नाही, आणि विज्ञानाच्या पेपराचे 80 गुण मात्र पूर्णपणे अजून पणाला आहेत.